करबचतीच्या पुराव्यांचा तक्ता: ‘उरलेली जागा’ नेमकी कशी मोजायची

जानेवारीत कंपनीचा ईमेल येतो: गुंतवणुकीचे पुरावे अमुक तारखेपर्यंत अपलोड करा. मग घरात कपाटं उघडतात, विम्याच्या पावत्या शोधल्या जातात, आणि बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न असतो, ‘अजून कुठे पैसे टाकू म्हणजे कर वाचेल?’ माझ्या मामेबहिणीचा फोन याच प्रश्नासाठी आला होता. एका विमा एजंटाने तिला वर्षाला ६०,००० रुपये हप्त्याची पॉलिसी सुचवली होती आणि दोन दिवसांत चेक हवा म्हणाला होता. मी तिला म्हटलं, चेक लिहू नकोस, आधी तक्ता कर. तिने केला, आणि त्या पॉलिसीने तिचा एक रुपयाही कर वाचणार नव्हता हे त्यातून दिसलं.

तो तक्ता कसा करायचा ते इथे तिच्याच आकड्यांवर दाखवतो. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत. हे सगळं आर्थिक वर्ष २०२५-२६ चं, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळातल्या पगाराचं आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलतात. या वर्षाचे पुरावे मात्र ८०सी, ८०डी या जुन्या ओळखीच्या नावांनीच द्यायचे आहेत.

एक अट आधीच सांगून ठेवतो. हा तक्ता जुन्या करप्रणालीसाठी आहे. नव्या प्रणालीत पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, पण ८०सी, ८०डी, घरभाडं, राहत्या घराच्या कर्जाचं व्याज यांपैकी काही मिळत नाही. तुम्ही नव्या प्रणालीत असाल आणि तिथेच राहणार असाल, तर पुरावे गोळा करण्यात वेळ घालवू नका. कोणत्या प्रणालीत राहायचं हेच ठरत नसेल तर मात्र तक्ता कराच. शेवटी त्याचाच उपयोग होतो.

आधी रकाने ठरवा

बहुतेक जण तक्त्यात तीन रकाने करतात: बाब, मर्यादा, रक्कम. चूक इथेच सुरू होते, कारण ‘रक्कम’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी लपतात. एक, तुम्ही खरोखर भरलेले पैसे. दोन, त्यातले कायद्याने धरता येणारे पैसे. तीन, मर्यादा लावल्यावर शेवटी मागता येणारे पैसे. शाळेची पावती ४१,००० रुपयांची असते, पण तिच्यातली शिकवणी फी २४,००० असते. आणि ८०सी आधीच भरलं असेल तर त्या २४,००० मधलेही पूर्ण मागता येत नाहीत. तिन्ही आकडे एकाच रकान्यात कोंबले तर उरलेली जागा कधीच बरोबर निघणार नाही.

म्हणून दोन पानं करा. पहिल्या पानावर प्रत्येक पावतीची एक ओळ. त्याचं नाव `Proof` ठेवा. रकाने असे: गट, बाब, भरलेली रक्कम, धरता येणारी रक्कम, पुराव्याचा क्रमांक, भरल्याची तारीख आणि हातात आहे की नाही. दुसऱ्या पानावर प्रत्येक गटाची एकच ओळ: गट, मर्यादा, गटाची बेरीज, मागायची रक्कम, उरलेली जागा, मर्यादेबाहेर गेलेली रक्कम.

मर्यादा दुसऱ्या पानावर ठेवण्यामागे कारण आहे. ती पावतीची नसते, गटाची असते. पीएफ, पीपीएफ, मुदत विमा, शिकवणी फी, गृहकर्जाचं मुद्दल हे सगळे एकाच १,५०,००० च्या डब्यात बसतात. प्रत्येक ओळीसमोर ‘मर्यादा १,५०,०००’ असं लिहिलेले तक्ते मी पाहिले आहेत. तसा तक्ता पाहिला की पाच ओळींत साडेसात लाखांची जागा असल्याचा भास होतो.

दुसऱ्या पानावरची सूत्रं साधी आहेत. दुसऱ्या ओळीत, अनुक्रमे C, D, E आणि F रकान्यांत:

```
=SUMIFS(Proof!D:D,Proof!A:A,A2,Proof!G:G,"Yes")
=MIN(B2,C2)
=MAX(0,B2-C2)
=MAX(0,C2-B2)
```

पहिलं सूत्र त्या गटातल्या, आणि ज्यांच्यासमोर `Yes` लिहिलं आहे अशाच पावत्यांची बेरीज करतं. म्हणजे जो कागद हातात नाही तो हिशेबात येत नाही. कंपनीही नेमकं तेच करते, मग आपण आपल्याला कशाला फसवायचं?

सूत्र चुकलं की आकडा शून्य येतो किंवा कमी येतो, पण चूक म्हणून काही दिसत नाही. सर्वात जास्त आढळणारं कारण म्हणजे एका ओळीत `80C` आणि दुसरीत `80 C` असं मधे जागा सोडून लिहिलेलं असणं. दुसरं कारण, रकमेच्या आधी `Rs.` टंकणं. मग तो आकडा राहत नाही, मजकूर होतो आणि बेरजेत येत नाही. म्हणून सगळ्यांच्या खाली एक तपासणीचा चौकोन ठेवा. दुसऱ्या पानावर गट पाच असतील तर:

```
=SUMIFS(Proof!D:D,Proof!G:G,"Yes")-SUM(C2:C6)
```

उत्तर शून्य आलं पाहिजे. नाही आलं तर एखाद्या पावतीच्या गटाचं नाव चुकलं आहे. `Rs.` असलेली ओळ मात्र दोन्ही बेरजांतून गळते, त्यामुळे ती इथे सापडत नाही. ती डोळ्यांनी ओळखायची: आकडे चौकोनात उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे.

बहिणीचा पगार आणि पहिली पाटी: ८०सी

ती ठाण्यात भाड्याने राहते. वर्षाचा एकूण पगार १६,००,०००. त्यात मूळ पगार महिना ६०,०००, म्हणजे वर्षाला ७,२०,०००. घरभाडे भत्ता महिना ३०,०००. नाशिकला तिचा आणि नवऱ्याचा संयुक्त नावावर फ्लॅट आहे. कर्ज चालू आहे आणि तिचे आईवडील तिथे राहतात. मुलगी एक, शाळेत जाते.

८०सी ची सुरुवात नेहमी पगारपत्रकापासून करायची, कारण पीएफ आपोआप कापला जातो आणि नेमका तोच विसरला जातो. तिचा पीएफ मूळ पगाराच्या १२ टक्के, महिना ७,२००, वर्षाला ८६,४००. तिने आधी १,७२,८०० लिहिले होते, कारण पासबुकात तिचा आणि कंपनीचा असे दोन्ही हिस्से दिसतात. ८०सी मध्ये फक्त कर्मचाऱ्याचा हिस्सा धरतात. शिवाय कंपनी तो स्वतःच हिशेबात घेते, पोर्टलवर तुम्ही पुन्हा टाकायचा नसतो. स्वतःच्या तक्त्यात मात्र ती ओळ पहिलीच हवी.

दुसरी ओळ गृहकर्जाच्या मुद्दलाची. बँकेच्या पोर्टलवरून कर्जाचं तात्पुरतं प्रमाणपत्र काढता येतं. त्यात एप्रिल ते डिसेंबर प्रत्यक्ष आणि मार्चपर्यंतचं अंदाजे असं मुद्दल आणि व्याज वेगळं दिलेलं असतं. हप्त्याची बँक-नोंद पुरावा म्हणून चालत नाही, कारण तिच्यात मुद्दल किती आणि व्याज किती हे कळत नाही. तिच्या प्रमाणपत्रावर वर्षाचं मुद्दल ६२,००० आणि व्याज २,४०,०००. घर दोघांच्या निम्म्या मालकीचं आणि हप्ताही दोघं निम्मा भरतात, म्हणून तिच्या वाट्याला मुद्दल ३१,००० आणि व्याज १,२०,०००. प्रमाणपत्रावर पूर्ण रक्कम असल्याने कंपन्या बहुधा सहकर्जदाराचं ‘मी उरलेलाच हिस्सा मागतो आहे’ असं सहीचं पत्र मागतात. ते आधीच करून ठेवावं.

तिसरी ओळ शाळेची. पावती ४१,००० ची, पण त्यात प्रवेश, बस, डेव्हलपमेंट फी असे तुकडे होते. धरता येते फक्त शिकवणी फी, तीही जास्तीत जास्त दोन मुलांची. शाळेने पावती एकत्रित दिली असेल तर कार्यालयातून तुकड्यांसह लिहून घ्या. ‘शालेय शुल्क ४१,०००’ एवढंच लिहिलेली पावती तपासणारा माणूस परत पाठवतो, आणि त्याचं चुकतही नाही. तिच्या बाबतीत शिकवणी फी २४,००० निघाली.

चौथी ओळ मुदत विम्याची, १४,६००. विम्यात एक मर्यादा लक्षात ठेवा. १ एप्रिल २०१२ नंतर घेतलेल्या पॉलिसीत वर्षाचा हप्ता विमा रकमेच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर १० टक्क्यांपर्यंतच्या भागापुरतीच वजावट मिळते. मुदत विम्यात हा प्रश्न येत नाही, पण बचतीच्या काही पॉलिसींत येतो. आणि आईवडिलांच्या जीवनविम्याचा हप्ता ८०सी मध्ये चालत नाही. स्वतः, जोडीदार आणि मुलं, एवढेच.

आता बेरीज: ८६,४०० अधिक ३१,००० अधिक २४,००० अधिक १४,६००, म्हणजे १,५६,०००. मर्यादा १,५०,०००. एकही नवी गुंतवणूक न करता डबा भरून वर ६,००० सांडले. त्यात ती पीपीएफमध्ये महिना १,००० टाकते, ते १२,००० धरले तर १८,००० वर जातात. पीपीएफ थांबव असं मी म्हटलं नाही. ती बचत म्हणून चांगली आहे, करासाठी मात्र तिचं मोल यंदा शून्य. एजंटाच्या ६०,००० चंही तेच झालं असतं, आणि पुढची कित्येक वर्षं झालं असतं, कारण पगार वाढला की पीएफही वाढतो.

मर्यादेबाहेर गेलेला रकाना मी मुद्दाम ठेवतो. शिकवणी फी ज्या पालकाने भरली त्याला मागता येते. नवरा जुन्या प्रणालीत असेल आणि त्याच्या ८०सी मध्ये जागा असेल, तर पुढच्या वर्षीपासून फी त्याच्या खात्यातून भरावी. या वर्षीची तिच्या खात्यातून गेली आहे, ती तिच्याच तक्त्यात राहणार.

घरभाडं: इथे मर्यादा तुम्हीच काढायची

घरभाडे भत्त्याला ठरावीक मर्यादा नसते. तीन आकडे काढायचे आणि सर्वात लहान तो घ्यायचा. पहिला, मिळालेला भत्ता: ३,६०,०००. दुसरा, भरलेलं भाडं वजा मूळ पगाराचे १० टक्के. ती महिना ३२,००० भाडं देते, वर्षाला ३,८४,०००, त्यातून ७२,००० गेले की ३,१२,०००. तिसरा, मूळ पगाराचे मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत ५० टक्के, इतरत्र ४० टक्के. मूळ पगारात निवृत्तिलाभांसाठी धरला जाणारा महागाई भत्ता असेल तर तोही मिळवायचा.

तिने ५० टक्के धरले होते, कारण ऑफिस अंधेरीला. पण बघायचं असतं राहतं घर कुठे आहे ते. ठाणे, नवी मुंबई आणि पुणे या वर्षाच्या नियमांत ४० टक्क्यांतच येतात. तेव्हा तिसरा आकडा २,८८,००० आणि तोच सर्वात लहान. तक्त्यात सूत्र असं:

```
=MAX(0,MIN(360000,384000-0.1*720000,0.4*720000))
```

म्हणजे तिची अपेक्षा ३,१२,००० ची होती आणि मिळणार २,८८,०००. वजावट २४,००० ने कमी झाली. तिच्या उत्पन्नाच्या टप्प्यात सेससह कर २०.८ टक्के पडतो, म्हणजे फरक ४,९९२ रुपयांचा. जानेवारीत कळला तर ठीक, मार्चच्या पगारात एकदम कापला गेला तर टोचतो.

पुरावा म्हणून भाडेकरार, पावत्या आणि बँकेतून गेलेल्या भाड्याच्या नोंदी. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. घरमालक पॅन देत नाही ही नेहमीची तक्रार आहे. त्याला कारणही असतं, भाड्याचं उत्पन्न दाखवायचं नसतं. म्हणून हे जानेवारीत नाही, करार करतानाच बोलून घ्यावं. तिच्या तक्त्यात भाड्यासमोर अजून `No` आहे, आणि तो किती महागात पडू शकतो ते पुढे येतं.

भाड्याने राहूनही नाशिकच्या कर्जाचं व्याज मागता येतं का, हा तिचा पुढचा प्रश्न. येतं. घर दुसऱ्या शहरात आहे आणि ती खरोखर भाड्याने राहते. राहत्या घराच्या व्याजाची मर्यादा २,००,०००, आणि ती प्रत्येक सहमालकाला स्वतंत्र मिळते. तिचं व्याज १,२०,०००.

८०डी: पावती असूनही न धरले जाणारे पैसे

या गटाचे दोन डबे आहेत आणि ते वेगळे ठेवायचे. एक स्वतः, जोडीदार आणि मुलांचा, २५,००० चा. दुसरा आईवडिलांचा, २५,००० चा, आणि त्यांच्यातलं कुणी ६० किंवा त्याहून जास्त वयाचं असेल तर ५०,००० चा. एका डब्यातली जागा दुसऱ्याला वापरता येत नाही. म्हणून दुसऱ्या पानावर `80D-Self` आणि `80D-Parents` अशा दोन ओळी करा.

पहिल्या डब्यात तिच्या कुटुंबाच्या आरोग्य विम्याचा हप्ता १७,५००. कंपनीच्या सामूहिक विम्याचा हप्ता कंपनी भरते, तो धरता येत नाही. पगारातून काही कापलं गेलं असेल तर तेवढंच. दोघांनी आरोग्य तपासणी केली, बिल ६,२००. तपासणीचे ५,००० पर्यंतच धरतात, आणि हे ५,००० स्वतःचे व आईवडिलांचे मिळून आहेत, शिवाय २५,००० च्या आतच आहेत. तेव्हा १७,५०० अधिक ५,०००, म्हणजे २२,५००. दोन-तीन वर्षांचा हप्ता एकदम भरला असेल तर तो तितक्या वर्षांत समान वाटून धरायचा. कंपनीचं पोर्टल पूर्ण रक्कम स्वीकारेल कदाचित, विवरणपत्र भरताना मात्र ती चूक ठरते.

दुसरा डबा अधिक गुंतागुंतीचा. वडील ७२ वर्षांचे, आई ६६, दोघांचा आरोग्य विमा नाही. अशा ज्येष्ठांच्या औषधोपचाराचा खर्चच ५०,००० पर्यंत धरता येतो. मात्र तो रोखीने केलेला चालत नाही. रोख चालते ती फक्त तपासणीला. वर्षभरात औषधं आणि डॉक्टर मिळून ३८,००० झाले, त्यातले ११,००० वडिलांनी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला रोख दिले. बिलं नीट जपून ठेवली होती त्यांनी, क्लिप लावून, पण उपयोग नाही. बहिणीने यूपीआयने भरलेले २७,००० तेवढे धरले. ही वजावट काही कंपन्या पुराव्यांत घेत नाहीत. तसं असेल तर सोडू नका, विवरणपत्रात मागा. बिलं आणि पैसे दिल्याच्या नोंदी जपून ठेवा.

आणखी एक गट राहिला, ८०सीसीडी(१बी). एनपीएसच्या टिअर १ खात्यात स्वतः भरलेल्या पैशांना ८०सी च्या बाहेर आणखी ५०,००० ची जागा मिळते. तिने २०,००० भरले होते.

तक्ता पूर्ण झाला

| गट | मर्यादा | धरता येणारी बेरीज | मागायची रक्कम | उरलेली जागा |
|---|---|---|---|---|
| ८०सी | १,५०,००० | १,६८,००० | १,५०,००० | ० (१८,००० वर) |
| ८०सीसीडी(१बी) | ५०,००० | २०,००० | २०,००० | ३०,००० |
| ८०डी, स्वतःचं कुटुंब | २५,००० | २२,५०० | २२,५०० | २,५०० |
| ८०डी, आईवडील | ५०,००० | २७,००० | २७,००० | २३,००० |
| गृहकर्ज व्याज | २,००,००० | १,२०,००० | १,२०,००० | ८०,००० |

घरभाड्याचे २,८८,००० वेगळ्या ओळीत, कारण तिथे जागा उरत नाही, सूत्रातून आकडा निघतो.

शेवटचा रकाना वाचताना लोक फसतात. बेरीज केली तर १,३५,५०० रुपयांची जागा दिसते, आणि त्यावर २०.८ टक्के कर वाचेल असं वाटतं. पण या जागा एकसारख्या नाहीत. व्याजाची ८०,००० ची जागा रिकामीच राहणार, ती भरायला मोठं कर्ज घ्यावं लागेल, आणि कर वाचवायला व्याज भरणं म्हणजे आंघोळीसाठी विहीर खणणं. ८०डी च्या जागा खऱ्या खर्चाने भरतात. आईवडिलांच्या औषधांचा मार्चपर्यंतचा खर्च होणारच आहे, तो रोखीऐवजी यूपीआयने द्यायचा, एवढंच. नवा पैसा लागत नाही. पैसे घालून हवी तेव्हा भरता येईल अशी जागा एकच: एनपीएसचे ३०,०००. त्यातून ६,२४० रुपये कर वाचेल, पण ते पैसे साधारण साठीपर्यंत अडकतील. ते मान्य असेल तर भरावेत. म्हणून उरलेल्या जागेशेजारी मी आणखी एक बारीक रकाना करतो: ‘पैशाने’, ‘खर्चाने’, ‘भरणार नाही’.

आता दोन्ही प्रणाली शेजारी ठेवा

जुनी प्रणाली: १६,००,००० मधून घरभाडे भत्ता २,८८,०००, प्रमाणित वजावट ५०,००० आणि व्यवसाय कर २,५०० गेले की १२,५९,५००. त्यातून व्याज १,२०,०००, ८०सी १,५०,०००, एनपीएस २०,००० आणि ८०डी चे ४९,५०० वजा. राहतात ९,२०,०००. त्यावर कर ९६,५००, सेससह १,००,३६०.

नवी प्रणाली: १६,००,००० वजा ७५,०००, म्हणजे १५,२५,०००. कर १,०८,७५०, सेससह १,१३,१००.

जुनीत १२,७४० रुपये वाचतात. हा फरक वाटतो तितका भक्कम नाही. उलट हिशेब केला तर जुन्या प्रणालीतली ६१,२५० रुपयांची वजावट गळाली की दोन्ही बरोबरीत येतात. तिच्या घरमालकाने पॅन दिलाच नाही आणि कंपनीने भाड्याचे २,८८,००० नाकारले, तर जुनी प्रणाली सरळ तोट्याची. हा आकडा तक्त्याच्या तळाशी लिहून ठेवा. कोणत्या कागदामागे आधी धावायचं ते तोच सांगतो. तिच्यासाठी तो कागद घरमालकाचा पॅन होता, एजंटाची पॉलिसी नव्हे.

कंपनीला कोणती प्रणाली कळवली होती यावर शेवटचा निर्णय अडत नाही. व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला विवरणपत्र भरताना प्रणाली बदलता येते, फक्त ते मुदतीच्या आत भरलं पाहिजे. मुदत चुकली तर नवीच प्रणाली लागू होते.

पुरावे देताना

कंपनीत फॉर्म १२बीबी भरायचा असतो, बहुतेक ठिकाणी तो पोर्टलवरच तयार होतो. त्यात टाकायचे आकडे ‘मागायची रक्कम’ या रकान्यातले नसतात, पहिल्या पानावरच्या धरता येणाऱ्या रकमा असतात. मर्यादा कंपनीचं सॉफ्टवेअर लावतं. तुम्ही स्वतःच कापून टाकलं आणि एखादी पावती नाकारली गेली, तर भरपाईला दुसरी उरत नाही. म्हणूनच बहिणीला पीपीएफचे १२,०००ही अपलोड करायला लावले, जागा नसतानाही. शाळेची पावती परत आलीच, तर २४,००० पैकी निदान १८,००० ची तूट ती वरची रक्कम भरून काढते.

तारखा एकदा बघून घ्या. पैसे ३१ मार्चच्या आत भरलेले हवेत. मार्चमध्ये देय असलेला हप्ता ५ एप्रिलला भरला तर तो पुढच्या वर्षाचा. उलट, कंपनीची खिडकी बंद झाल्यावर पण मार्चच्या आत भरलेले पैसे वाया जात नाहीत, विवरणपत्रात मागून रिफंड घेता येतो. तक्त्यात अशा ओळींसमोर `Yes` ऐवजी `ITR` लिहा. वरचं सूत्र त्या गाळतं. मग कंपनीकडचा आकडा आणि स्वतःचा आकडा वेगळा का, हे जुलैत आठवावं लागत नाही.

पुराव्याच्या क्रमांकाचा रकाना आळसाने मोकळा सोडू नका. जुन्या प्रणालीचं विवरणपत्र भरताना आता पॉलिसी क्रमांक, पीपीएफ खाते क्रमांक, कर्ज देणाऱ्याचं नाव आणि कर्ज खाते क्रमांक असे तपशील विचारले जातात. फॉर्म १६ आला की त्यातल्या वजावटी आपल्या पानाशी ओळीओळीने ताडून बघा.

बहिणीने परवा कळवलं, घरमालकाने पॅन दिला, पण पुढच्या करारात भाडं २,००० ने वाढवणार म्हणाला. म्हणजे महिना ३४,०००. मी सूत्रात भाड्याच्या जागी ४,०८,००० टाकून पाहिलं. उत्तर २,८८,०००च आलं, कारण तिला अडवतोय तो ४० टक्क्यांचा आकडा. वाढलेलं भाडं सगळं तिच्या खिशातून जाणार. ती आता त्याच्याशी हजारावर तोडपाणी करते आहे.